अमिकासिन: ८५० एकदाच, की ४२५ दोनदा?

तालुक्याच्या रुग्णालयात रात्री नऊला दाखल झालेला रुग्ण डोळ्यांपुढे आणा. गेवराईकडचा शेतकरी, वय ६२, वजन ५६ किलो. दोन दिवसांपासून हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. जूनचं पहिलं पाणी पडायच्या आधीचे दिवस, अंगातलं पाणी आटलेलं, जीभ कोरडी. गावात कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकची एक सुई झालेली आहे. रक्तदाब १०० वर ६०, क्रिएटिनिन १.२. सोनोग्राफीत मूत्रमार्ग कुठे अडलेला दिसत नाही. लघवीचं कल्चर पाठवलं आहे, पण उत्तर यायला दोन-तीन दिवस लागणार. अमिकासिन द्यायचं एवढं ठरलं. आता केसपेपरवर काय लिहायचं? '५०० सकाळ-संध्याकाळ' ही हाताला बसलेली ओळ, वजनानुसार बेतलेलं ४२५ बारा तासांनी, की ८५० एकदाच?

शेवटच्या दोन पर्यायांत दिवसाचा एकूण डोस सारखाच आहे, किलोला साधारण १५ मिग्रॅ. फरक फक्त वाटणीचा. ॲमिनोग्लायकोसाइड या औषधगटात मात्र जिवाणू किती मरतील आणि मूत्रपिंडाला किती मार बसेल, या दोन्ही गोष्टी त्या वाटणीवर अवलंबून असतात. कानाचा हिशेब वेगळा आहे, तो शेवटी.

दोन्ही वाटण्या रक्तात कशा दिसतात

हे औषध पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं, म्हणजे किलोला साधारण पाव लिटर. ५६ किलोच्या माणसात ते १४ लिटर झालं. ८५० मिग्रॅ १४ लिटरमध्ये गेलं की लिटरला सुमारे ६० मिग्रॅ, आणि ४२५ गेलं की ३०. बाहेर जायचा रस्ता एकच, मूत्रपिंड. म्हणून पुढची पायरी क्रिएटिनिन क्लिअरन्सची, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं त्याच्या अंदाजाची:

```
(१४० − वय) × वजन ÷ (७२ × क्रिएटिनिन)
(१४० − ६२) × ५६ ÷ (७२ × १.२) = ५०.६ मिलि/मिनिट
```

स्त्री असेल तर आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणायचं. इथे एक सावधगिरी. '१.२ म्हणजे नॉर्मल' असं लॅबचा कागद सांगतो, पण बारीक अंगाच्या, साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिनही कमीच तयार होतं. या माणसाचं मूत्रपिंड निम्म्या ताकदीवर चाललं आहे आणि कागदावर लाल खूण एकही नाही. ४२ किलोच्या म्हातारीचं ०.९ पाहून निश्चिंत होणारे जागोजागी भेटतात.

क्लिअरन्स ५० च्या आसपास असताना रक्तातलं अमिकासिन दर सव्वाचार तासांनी निम्मं होतं. धडधाकट तरुणात याला दोन-अडीच तास लागतात. यावरून पहिल्या दिवसाचं चित्र असं निघतं (आकडे लिटरला मिग्रॅ, अंदाजे):

| डोसनंतरचे तास | ८५० एकदाच | ४२५ दर १२ तासांनी |
|---|---|---|
| ० | ६० | ३० |
| ४ | ३२ | १६ |
| ८ | १७ | ८ |
| १२ | ९ | ४, दुसऱ्या डोसनंतर ३५ |
| १६ | ४.५ | १८ |
| २० | २.४ | ९.५ |
| २४ | १.२ | ५ |

डाव्या रकान्यात शिखर उंच आहे आणि शेवटी जवळजवळ तळ लागतो. उजव्यात शिखर निम्मं आहे आणि दिवसभरात पातळी ४ च्या खाली एकदाही येत नाही. इतर बऱ्याच प्रतिजैविकांबाबत उजवा रकाना बरा दिसला असता. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन यांचं काम किती तास पातळी टिकली यावर चालतं. इथे उलटं आहे, आणि ते का हे जिवाणूच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही.

उंच शिखर जिवाणूला जास्त का मारतं

ॲमिनोग्लायकोसाइडच्या रेणूवर धनभार असतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्याला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांनी टाके घातलेले असतात. औषध ते टाके उसवतं आणि आत घुसतं. आतला पडदा ओलांडायला मात्र जिवाणूच्या स्वतःच्या श्वसनातून मिळणारी विद्युतऊर्जा लागते. म्हणून ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर हे चालत नाही, आणि गळवातल्या आंबट, प्राणवायूहीन पुवातही ते लुळं पडतं. मूत्रपिंडाभोवती पू साठला असेल तर आधी निचरा, मग अमिकासिनकडून अपेक्षा.

आत गेल्यावर ते रायबोसोमच्या ३०एस भागाला चिकटतं, नेमकं १६एस आरएनएच्या त्या कोपऱ्यात जिथे 'आलेलं अमिनो आम्ल योग्य आहे का' याची तपासणी होते. त्या जागी दोन ॲडिनिन असतात. सांकेतिक अक्षरं बरोबर जुळली तरच ते बाहेर वळतात आणि 'पास' म्हणतात. औषध त्यांना कायमचं वळवून ठेवतं, म्हणजे चुकीच्या मालालाही पास मिळतो. चुकीची प्रथिनं तयार होतात, त्यातली काही पडद्यात जाऊन बसतात, पडदा गळू लागतो आणि त्या भोकांतून आणखी औषध आत येतं. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा टेट्रासायक्लिनही रायबोसोमवरच काम करतात, पण ते कारखाना बंद पाडतात, त्यामुळे जिवाणूची फक्त वाढ थांबते. ॲमिनोग्लायकोसाइड कारखाना चालू ठेवून बिघडलेला माल काढायला लावतं, म्हणून जिवाणू मरतो.

आता शिखराचं महत्त्व उलगडतं. पहिला, हळू शिरकाव बाहेर किती औषध आहे यावर ठरतो. बाहेर भरपूर असेल तर सुरुवातीच्या मिनिटांतच पुरेसं आत जातं, चुकीची प्रथिनं लवकर बनतात आणि दुसरा, वेगवान शिरकाव सुरू होतो. बाहेर जेमतेम असेल तर काही जिवाणू या पहिल्याच पायरीवर वाचतात. वाचलेले शांत बसत नाहीत. औषधाचा पहिला स्पर्श झाल्यावर ते स्वतःची ओढ मंद करतात आणि पुढचे कित्येक तास औषध आत घेतच नाहीत. ही जनुकीय प्रतिकारशक्ती नव्हे, तात्पुरती आडमुठेपणाची अवस्था आहे. औषधाशिवाय काही तास गेले की ती सुटते. बारा तासांनी, रक्तात ४ मिग्रॅ शिल्लक असताना दिलेला दुसरा डोस नेमका या अवस्थेतल्या जिवाणूंवर पडतो. चोवीस तासांनी दिलेला डोस पुन्हा ताज्या, भुकेल्या जिवाणूंना गाठतो.

व्यवहारात मोजमाप असं: शिखर हे एमआयसीच्या, म्हणजे जिवाणूची वाढ रोखायला पुरणाऱ्या किमान पातळीच्या, ८ ते १० पट हवं. आपल्या रुग्णाच्या ई. कोलायचं एमआयसी ४ निघालं, तर एकदाच दिलेल्या डोसात गुणोत्तर १५ होतं आणि विभागलेल्यात साडेसात. एमआयसी २ असेल तर दोन्ही चालतील, पण रात्री नऊ वाजता ते माहीत नसतं. इथेच रिपोर्टबद्दल एक गोष्ट. लॅबच्या तपासण्यांच्या मर्यादा ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये एन्टेरोबॅक्टरेल्ससाठी अमिकासिनची 'सेन्सिटिव्ह' मर्यादा १६ वरून ४ वर आणली, जेंटामायसिनची ४ वरून २ वर. जुन्याच मर्यादेवर चालणाऱ्या लॅबमधून एमआयसी १६ या आकड्यासमोरही 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, छापून येऊ शकतं. तसं आलं तर पूर्ण डोसातही गुणोत्तर चारच्या खालीच राहतं. 'एस' वाचण्याआधी आकडा वाचा, आणि आकडा नसेल तर लॅबला फोन करून कोणती मर्यादा वापरतात ते विचारा.

मग उरलेले तास कोण सांभाळतं

तक्ता पाहणाऱ्याची पहिली शंका हीच असते. एमआयसी ४ असेल तर एकदाच दिलेल्या डोसात सुमारे सतराव्या तासाला पातळी त्याखाली जाते. उरलेल्या सात तासांत जिवाणू डोकं वर काढणार नाहीत का?

औषध निघून गेल्यावरही जिवाणूंची वाढ काही काळ सुरू होत नाही. हाच प्रतिजैविकोत्तर परिणाम. प्रयोगशाळेत तो मोजायचा असेल तर जिवाणूंना तासभर औषधात ठेवतात, मग औषध धुऊन काढतात आणि न भिजवलेल्या जिवाणूंच्या तुलनेत दहापट वाढायला किती उशीर झाला ते पाहतात. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये ॲमिनोग्लायकोसाइडचा हा उशीर साधारण २ ते ४ तासांचा भरतो, आणि शिखर जितकं उंच तितका तो लांबतो. कारण सरळ आहे. रायबोसोमला चिकटलेलं औषध लगेच सुटत नाही आणि फाटलेला पडदा दुरुस्त व्हायला वेळ लागतो. त्यातून शरीरात पांढऱ्या पेशीही असतात, आणि अर्धमेल्या जिवाणूला त्या सहज उचलतात. म्हणून प्राण्यांमध्ये हा काळ परीक्षानळीपेक्षा जास्त दिसतो. तीच पांढऱ्या पेशींची फौज नसेल, म्हणजे केमोथेरपीनंतरचा रुग्ण असेल, तर अमिकासिन एकट्याच्या भरवशावर ठेवू नये.

मूत्रमार्गाच्या आजारात आणखी एक आधार आहे. औषध लघवीत न बदलता उतरतं आणि तिथे त्याची पातळी रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त राहते. म्हणून या रुग्णात सात तासांची पोकळी भीतीदायक नाही. न्यूमोनियात हा आधार मिळत नाही. फुप्फुसाच्या स्रावात औषध कमीच पोचतं.

मूत्रपिंड शिखर मोजत नाही

उंच शिखराने मूत्रपिंड जास्त बिघडेल असं वाटणं साहजिक आहे आणि इथेच बहुतेकांचा हात अडखळतो. घडतं ते असं: औषध गाळणीतून खाली उतरतं आणि समीप नलिकेच्या पेशी त्यातलं थोडं मेगॅलिन नावाच्या ग्राहकाने उचलून आत घेतात. हे दार भरतं. साखर कारखान्याच्या काट्यावर तासाला ठरावीकच गाड्या वजन होतात. बाहेर पन्नास उभ्या असोत की दोनशे, आत जाणाऱ्यांचा वेग तोच. फरक एवढाच की इथे काट्यावर नंबर न लागलेल्या गाड्या रांगेत थांबत नाहीत, लघवीवाटे निघून जातात. तेव्हा दिवसभरात किती माल आत गेला हे गर्दीवर नव्हे, काटा किती तास चालू राहिला यावर ठरतं. विभागलेल्या डोसात तो चोवीस तास चालू असतो. एकदाच दिलेल्या डोसात शिखराचा बराच भाग दारावरून तसाच वाहून जातो आणि शेवटचे काही तास दार जवळजवळ रिकामं राहतं.

आत गेलेलं औषध लायसोसोममध्ये साठतं, तिथल्या फॉस्फोलिपिडचं विघटन अडवतं, पिशव्या फुगतात, फुटतात आणि पेशी मरते. याला दिवस लागतात. म्हणून क्रिएटिनिन सहसा पाचव्या ते सातव्या दिवसानंतर चढतं, आणि औषध बंद केल्यावरही काही दिवस चढत राहू शकतं, कारण साठलेला माल लगेच बाहेर पडत नाही. फसवणारी गोष्ट म्हणजे लघवी कमी होत नाही. 'दीड लिटर होतेय, किडनी चांगली आहे' हा निष्कर्ष या औषधापुरता चुकीचा आहे. नलिका लघवी घट्ट करण्याची ताकद हरवतात, त्यामुळे लघवी उलट भरपूर आणि पाण्यासारखी असू शकते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरणं हीही खूण आहे. समाधान इतकंच की नलिकेच्या पेशी पुन्हा उगवतात आणि बहुतेकांचं मूत्रपिंड काही आठवड्यांत सावरतं.

एकदाच मोठा डोस देण्याच्या पद्धतीवरचा सर्वात उद्धृत अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयात २,१८४ प्रौढांना जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन किलोला ७ मिग्रॅ या दराने दिलं गेलं आणि मूत्रपिंडाला इजा १.२ टक्के रुग्णांत आढळली. त्यावर लगेच भुलू नये. त्यात बहुतेकांचे डोस थोडेच दिवस चालले होते, आणि तुलनेसाठी समोर दुसरा गट नव्हता. समोरासमोर तुलना केलेल्या चाचण्यांचा एकत्रित कौल जरा सौम्य आहे: परिणाम दोन्हींचा सारखा किंवा एकदाच्या डोसाचा किंचित सरस, मूत्रपिंडाला त्रास थोडा कमी, कानाच्या बाबतीत ठळक फरक नाही. एवढ्यावरही निवड एकदाच्या बाजूने झुकते. सिस्टरचं काम निम्मं होतं, हाही गौण मुद्दा नाही. रात्रपाळीत एकच सिस्टर असेल तर बारा तासांचा डोस चौदाव्या तासाला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्या रुग्णाला प्रत्यक्ष काय द्यायचं

पहिला डोस पूर्ण: ८५० मिग्रॅ. ५६ ला १५ ने गुणलं तर ८४० येतात, पण ५००, २५० आणि १०० च्या एकेक वायलमध्ये ८५० बसतं आणि अर्धी वायल ओढताना होणारी चूक टळते. १०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये घालून ३० ते ६० मिनिटांत. झटक्यात शिरेत ढकलायचं नाही, कारण हे औषध मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर ॲसिटिलकोलीनची सुटका रोखू शकतं आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. सेफ्ट्रिॲक्सोन किंवा पिपरॅसिलिन सोबत चालू असेल तर त्याच बाटलीत मिसळायचं नाही. बीटा-लॅक्टम त्याला रासायनिकरीत्या निकामी करतं. मध्ये नळी सलाईनने धुऊन घ्यायची.

मूत्रपिंड निम्म्यावर आहे म्हणून पहिला डोस कमी करणं ही सर्वात नेहमीची चूक. पहिलं शिखर शरीरातल्या पाण्यावर ठरतं, मूत्रपिंडावर नाही. मूत्रपिंड फक्त दुसरा डोस केव्हा हे ठरवतं. सेप्सिसमध्ये सलाईन चढवल्यावर ते पाणी वाढतं, म्हणजे खरं शिखर ६० पेक्षा थोडं खालीच येणार. तिथे डोसही कमी केला तर दोन्हीकडून मार बसतो.

दुसऱ्या डोसाचा निर्णय दुसऱ्या दिवशी रात्री, नव्या क्रिएटिनिनवर. एकदाच्या डोसाची हार्टफर्डची अंतरं अशी: क्लिअरन्स ६० किंवा जास्त असेल तर २४ तास, ४० ते ५९ ला ३६ तास, २० ते ३९ ला ४८ तास. दाखल होतानाचा ५०.६ हा आकडा ३६ तासांत बसतो. पण तो आकडा तहानलेल्या, तापलेल्या शरीराचा होता, आणि बदलत्या क्रिएटिनिनवर हे सूत्र लंगडतं. दुसऱ्या रात्री दोन गोष्टी घडू शकतात.

सलाईनने क्रिएटिनिन ०.९ वर आलं, तर नवा क्लिअरन्स ७८ × ५६ ÷ (७२ × ०.९), म्हणजे ६७. दुसरे ८५० चोवीस तासांनीच द्यायचे. आणि क्रिएटिनिन १.८ वर गेलं, तर सूत्र ३४ दाखवेल, पण चढत्या क्रिएटिनिनमध्ये खरा आकडा त्याहूनही कमी असतो. अशा वेळी ४८ तासांचं गणित मांडत बसू नये, औषधच बदलावं. पहिल्या डोसाने त्याचं काम केलेलं असतं आणि पातळी अजून पूर्ण उतरलेलीही नसते.

जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तातली पातळी मोजून मिळत असेल, तर पुढच्या डोसाच्या आधीचा नमुना महत्त्वाचा. एकदाच्या पद्धतीत अमिकासिनची तळपातळी ५ च्या खाली हवी, जेंटामायसिनची १ च्या खाली. तक्त्यातला उजवा रकाना पुन्हा पाहा. तिथे पहिल्याच दिवशी ती ५ वर टेकली आहे. नमुना ज्या हातात औषध चालू आहे त्याच्या दुसऱ्या हातातून घ्यावा, नाहीतर आकडा भलताच येतो. पातळी मोजण्याची सोय नसेल तर एक दिवसाआड क्रिएटिनिन आणि तिसऱ्या दिवशी थांबायची तयारी, एवढं जमवता येतं. कल्चर आलं की दुसऱ्या सुरक्षित औषधावर जायचं. आणि डायक्लोफेनॅक केसपेपरवरून खोडायचं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. वेदनाशामक, व्हॅन्कोमायसिन, ॲम्फोटेरिसिन, सीटीसाठीचं काँट्रास्ट, यांतलं काहीही सोबत आलं की वरचे सगळे हिशेब कमी पडतात.

विभागून देणं कुठे बरोबर

एन्टेरोकोकसने हृदयाच्या झडपेला धरलं असेल तर जेंटामायसिन मारण्यासाठी नसतं, पेनिसिलिनच्या जोडीला असतं. तिथे किलोला १ मिग्रॅ दर आठ तासांनी ही जुनी पद्धतच प्रचलित आहे. मोठं भाजलेलं असेल किंवा पोटात भरपूर पाणी असेल, तर शरीरातल्या पाण्याचं आणि औषध बाहेर पडण्याच्या वेगाचं गणित विस्कटतं. तिथे पातळी मोजल्याशिवाय कोणतीच पद्धत सुरक्षित नाही. क्लिअरन्स ४० च्या खाली असेल तर एकदा की दोनदा हा प्रश्नच गौण होतो, आधी दुसरं औषध शोधावं.

काही ठिकाणी दोन्ही पद्धती नकोत. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असेल तर नाही. मण्यार चावून पापण्या मिटत असलेल्या रुग्णाला 'कव्हर म्हणून' अमिकासिन देणं म्हणजे आधीच अडलेल्या त्याच सांध्यावर दुसरा अडसर. गरोदरपणात टाळावं, औषध वारेतून बाळाकडे जातं आणि स्ट्रेप्टोमायसिनने बाळाचा कान जन्मतःच गेल्याची नोंद आहे.

जेंटामायसिन की अमिकासिन, थोडक्यात

जेंटामायसिन जुनं आणि स्वस्त. औषधाच्या रेणूत बदल करून ते निकामी करणारी जिवाणूंची बहुतेक एन्झाइम अमिकासिनला पकडू शकत नाहीत, म्हणून आपल्याकडच्या, सेफॅलोस्पोरिनला न जुमानणाऱ्या ईएसबीएल जिवाणूंवर ते जास्त वेळा लागू पडतं. रायबोसोमचीच जागा बदलणारे मिथिलेज असतील, जसे कार्बापेनेमही मोडणाऱ्या एनडीएमवाल्या जिवाणूंत बरेचदा असतात, तर दोन्ही निकामी.

जेंटामायसिन निवडलंच तर '८० सकाळ-संध्याकाळ' ही सवय सोडावी लागेल. ५६ किलोला ८० मिग्रॅ म्हणजे शिखर साधारण ५.७. एमआयसी २ असेल तर तीनपटही नाही. दिवसाला १६० म्हणजे किलोला तीन मिग्रॅसुद्धा भरत नाही, आणि मूत्रपिंडाचं दार मात्र दिवसभर उघडं. किलोला ५ मिग्रॅ एकदाच, म्हणजे २८० मिग्रॅ किंवा ८० च्या साडेतीन अँप्युल, १०० मिलि सलाईनमधून, तर शिखर २० जातं. साडेतीन अँप्युल एकदम फोडायला सांगितल्यावर सिस्टर दोनदा विचारतील, म्हणून केसपेपरवर वजन, मिग्रॅ आणि 'दिवसातून एकदाच' हे तिन्ही अक्षरांत लिहिलेलं बरं.

कान

कानाच्या बाबतीत वाटणी बदलून फारसं काही हाती लागत नाही, याचं कारण साठवणुकीत आहे. औषध आतल्या कानात हळूहळू जातं, केसपेशींच्या टोकावरच्या, आवाजाने उघडणाऱ्या फटींतून आत शिरतं आणि रक्तातून नाहीसं झाल्यावरही तिथे दीर्घकाळ राहतं. किती दिवस दिलं आणि आयुष्यात एकूण किती झालं, हा तिथला हिशेब. आणि माणसाची केसपेशी एकदा मेली की उगवत नाही. मूत्रपिंड सावरतं, कान सावरत नाही.

कोणतं औषध कुठे मारतं यातही फरक आहे. अमिकासिन मुख्यतः ऐकण्यावर, जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन जास्त करून तोलावर. ऐकणं आधी अगदी वरच्या पट्टीत जातं, ८,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर. बोलणं ५०० ते ४,००० मध्ये असल्यामुळे रुग्णाला, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही काही जाणवत नाही. बोललेलं ऐकू येईना होतं तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून रोज राउंडला एक प्रश्न विचारावा: कानात रातकिडे ओरडल्यासारखं होतंय का? हो म्हटलं तर पुढचा डोस थांबवायचा, ऑडिओमेट्रीची वाट पाहायची नाही.

तोल गेला तर 'चक्कर येते' असं रुग्ण सहसा म्हणत नाही. दोन्ही कान सारखेच मारले गेल्यामुळे गरगरत नाही. तो म्हणतो, चालताना समोरचा रस्ता हलतो. किंवा घरी गेल्यावर लक्षात येतं की दिवसा ठीक आहे, पण रात्री मोटार चालू करायला बांधावरून जाता येत नाही, कारण अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो. खाटेवर पडून असलेल्या माणसात हे कळतच नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उठवून चालवून पाहावं. एक सोपी तपासणी वॉर्डात होते: नजर तपासायचा तक्ता आधी डोकं स्थिर ठेवून वाचायला लावा, मग सेकंदाला दोनदा या वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवत वाचायला लावा. दोनपेक्षा जास्त ओळी सुटल्या तर तोलाची केंद्रं शंकास्पद. अक्षरओळख नसेल तर 'ई'चा तक्ता वापरा.

पहिल्या डोसाआधी विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे: आईकडच्या नात्यात कोणाला सुया घेतल्यावर बहिरेपण आलं होतं का? आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा रायबोसोम असतो आणि तो जिवाणूच्या रायबोसोमचा दूरचा भाऊबंद आहे. काही कुटुंबांत त्याच्या १२एस आरएनएमधलं १५५५ क्रमांकाचं एक अक्षर ए ऐवजी जी असतं, आणि त्या एका अक्षराने तो कोपरा जिवाणूच्या कोपऱ्यासारखा होतो. मग औषध जिवाणूला करतं तेच केसपेशीला करतं, अगदी थोड्या डोसातही. हा बदल आईकडूनच येतो, म्हणून वडिलांकडच्या बहिऱ्या काकाचं उत्तर इथे उपयोगाचं नाही. मामा, मावशी, आजी, भावंडं विचारायची.

आपला शेतकरी तीन डोसांनंतर ताप उतरून, कल्चरप्रमाणे गोळ्यांवर घरी निघाला, तर डिस्चार्ज कार्डावर 'इंजेक्शन अमिकासिन दिलं' एवढं पुरत नाही. '८५० मिग्रॅ, ३ डोस', तिन्ही तारखा, पहिलं आणि शेवटचं क्रिएटिनिन, आणि आठवड्याने पुन्हा क्रिएटिनिन तपासायची तारीख असं लिहावं. प्रोस्टेट मोठी असेल तर हाच माणूस दिवाळीच्या आत पुन्हा ताप घेऊन येईल, कदाचित दुसऱ्याच दवाखान्यात, आणि तिथे अमिकासिन लिहिणाऱ्याला त्याच्या कानात आधी किती गेलंय हे त्या कार्डावरूनच कळेल.